मेष संक्रांतीचा एक क्षण, नववर्षाचे दोन दिवस

तमिळ पुथांडू, केरळचा विषू, पंजाबची बैसाखी, बंगालचा पोइला बोइशाख, आसामचा बिहू, शिवाय श्रीलंका आणि थायलंड. सगळ्यांचं नवीन वर्ष १३ ते १५ एप्रिललाच कसं येतं? कुणी कुणाचं बघून ठरवलं का?

बघून ठरवण्याची गरजच नव्हती, कारण सगळ्यांनी एकच खगोलीय घटना धरली आहे. सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात एक फेरी पूर्ण करतो. त्या वाटेचे प्रत्येकी ३० अंशांचे बारा भाग केले की झाल्या बारा राशी. पहिली रास मेष. सूर्य मीन सोडून मेषेत शिरतो तो क्षण म्हणजे मेष संक्रांत, आणि सौर पंचांग मानणाऱ्यांसाठी तोच वर्षारंभ. मकर संक्रांत आपण ओळखतो, ही तिचीच बहीण. फक्त रास वेगळी.

हे गणित सिद्धांतग्रंथांतून आलं आणि ग्रंथांबरोबर समुद्रापार गेलं. थायलंडमध्ये सणाचं नाव सोंगक्रान आहे, आणि ते ‘संक्रांत’च आहे हे मराठी कानाला सांगावं लागत नाही. थायलंडने मात्र आता १३ ते १५ एप्रिल या तारखा कायमच्या ठरवून टाकल्या आहेत, दर वर्षी क्षण काढत बसत नाहीत.

क्षण एकच असेल तर २०२३ मध्ये आमच्या तमिळ सहकाऱ्यांचं नवीन वर्ष १४ एप्रिलला आणि मल्याळी शेजाऱ्यांचा विषू १५ ला का होता? दोघांचा सूर्य वेगळा आहे का?

सूर्य एकच, पण घड्याळातला क्षण आणि कॅलेंडरमधला दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संक्रांत दिवसा-रात्री कुठल्याही वेळी होते. महिन्याचा पहिला दिवस मात्र अख्खा दिवस असावा लागतो. मग संक्रांत ज्या दिवशी झाली तोच पहिला दिवस धरायचा की दुसरा? इथे प्रत्येक प्रांताने आपापली मर्यादारेषा आखली आहे.

तुम्ही विचारलेलंच वर्ष घेऊ. २०२३ मध्ये संक्रांत १४ एप्रिलला दुपारी सव्वातीनच्या सुमारास झाली. तमिळ नियम म्हणतो की सूर्यास्ताच्या आत संक्रांत झाली तर तोच दिवस पहिला. सव्वातीन म्हणजे सूर्यास्ताला चांगले तीन तास बाकी, म्हणून पुथांडू १४ तारखेला. केरळची रेषा अलीकडे आहे. तिथे दिनमानाचे पाच भाग करून तीन भाग संपेपर्यंतच, म्हणजे एप्रिलमध्ये दुपारी साधारण दीडपर्यंतच, तो दिवस मोजतात. सव्वातीनची संक्रांत ती रेषा ओलांडून गेली, त्यामुळे मेडम महिना १५ तारखेला सुरू झाला. त्यात विषूचं मुख्य अंग म्हणजे पहाटे उठून डोळे मिटून देवघरापर्यंत जायचं आणि पहिलं दर्शन ‘कणी’चं, म्हणजे आदल्या रात्री मांडून ठेवलेल्या शुभ वस्तूंचं घ्यायचं. संक्रांत दुपारी झाली तर तिच्यानंतरची पहिली पहाट दुसऱ्याच दिवशी येणार. त्यामुळे विषू १५ लाच.

बंगालचा नियम आणखी निराळा. संक्रांतीचा दिवस ते सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस मानतात. सूर्योदय ते मध्यरात्र या वेळात संक्रांत झाली तर नवीन वर्ष दुसऱ्या दिवशी, आणि मध्यरात्र उलटून गेली असेल तर तिसऱ्या दिवशी. म्हणून पश्चिम बंगालचा पोइला बोइशाखही त्या वर्षी १५ एप्रिलला होता. त्याच वर्षी सीमेपलीकडे बांगलादेशात मात्र तो १४ लाच झाला. मुहम्मद शहीदुल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ मध्ये महिन्यांचे दिवस ठरावीक करण्याची शिफारस केली होती. त्या वळणाने गेलेल्या तिथल्या कॅलेंडरात ही तारीख १४ एप्रिलला पक्की झाली आहे.

ओडिशाची रीत सगळ्यांत सोपी. संक्रांत कितीही वाजता होवो, तोच दिवस.

संक्रांत पहाटे, सूर्योदयाआधी झाली की तमिळ आणि मल्याळी एकाच दिवशी येतात. २०२५ मध्ये ती १४ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमारास होती. त्यामुळे पुथांडू आणि विषू दोन्ही १४ ला झाले, आणि मध्यरात्र उलटलेली असल्याने पश्चिम बंगाल पुन्हा १५ ला. ‘कुणाचं पंचांग बरोबर’ म्हणून दर एप्रिलला जे वाद रंगतात, त्यांतले बहुतेक मुळात या रेषांचे असतात. क्षणाबद्दल फारसं दुमत नसतंच.

शाळेत शिकलो होतो की सूर्य २१ मार्चला मेष राशीत जातो. मग ही १४ एप्रिल कुठून आली?

दोन वेगळ्या मेष राशी आहेत, हे पाठ्यपुस्तकं बहुधा सांगत नाहीत.

एक मेष वसंत संपातापासून मोजतात. सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो बिंदू म्हणजे वसंत संपात. दिवस आणि रात्र जवळपास सारखी होते तो सुमार. ही सायन पद्धत. दुसरी मेष ताऱ्यांना बांधलेली आहे, ती निरयन. आपल्याकडच्या पंचांगांत तीच चालते. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या गणितात तिचा आरंभबिंदू चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर धरतात.

कधीकाळी हे दोन्ही आरंभबिंदू एकाच ठिकाणी होते. पण पृथ्वीचा अक्ष फार सावकाश डोलतो आणि त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. साचत साचत हे अंतर आता २४ अंशांच्या थोडं वर गेलं आहे. त्यालाच अयनांश म्हणतात. उलट मोजलं तर दोन्ही मेष एकत्र असण्याचा काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस येतो.

हे पडताळून पाहण्यासारखं आहे. २०२३ मध्ये वसंत संपात भारतीय वेळेनुसार २१ मार्चला पहाटे तीनच्या सुमारास झाला. तिथून १४ एप्रिलच्या दुपारी सव्वातीनपर्यंत साडेचोवीस दिवस होतात. सूर्य रोज जेमतेम एक अंश चालतो, तेव्हा साडेचोवीस दिवसांत तो २४ अंशांहून किंचित जास्त पुढे जातो. हाच अयनांश. शाळेतली तारीख चूक नव्हती, ती दुसऱ्या आरंभबिंदूची होती.

म्हणजे ही तारीखही मकर संक्रांतीसारखी सरकते का?

सरकते, आणि कारण तेच. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची फेरी ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांची आहे. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ऋतूंना धरून चालतं आणि त्याचं सरासरी वर्ष वीस मिनिटांनी लहान आहे. दर वर्षीच्या या वीस मिनिटांचा सुमारे ७२ वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते.

बैसाखीचा माग आणखी मागे काढता येतो. गुरु गोविंदसिंगांनी १६९९ च्या बैसाखीला खालसा पंथाची स्थापना केली. त्या बैसाखीची तारीख आजच्या कॅलेंडरमध्ये बसवली तर ८-९ एप्रिलच्या आसपास येते. १९१९ ची बैसाखी १३ एप्रिलला होती, जालियनवाला बागेमुळे ती तारीख कुणी विसरत नाही. आता संक्रांत बहुधा १४ ला असते. याच वेगाने इ. स. ३००० च्या सुमारास ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पोचेल.

सण वसंताचा मानायचा असेल तर हे सरकणं गैरसोयीचं आहे, हे खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात मांडलं होतं. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं आपलं राष्ट्रीय कॅलेंडर त्यामुळे संपाताला बांधलेलं आहे. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ते आलं, सणांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. माझ्या मते पुढेही घेणार नाहीत. सणाची तारीख समितीने सुचवली म्हणून बदलत नसते.

श्रीलंकेत या वेळी जवळजवळ अर्धा दिवस कुणी चूल पेटवत नाही, काम करत नाही, असं ऐकलं. इतका वेळ का?

तिथे त्या काळाला नोनगतय म्हणतात. जुनं वर्ष गेलेलं आणि नवं यायचं असा मधला काळ, फक्त देवाधर्मासाठी राखलेला. त्याची लांबी १२ तास ४८ मिनिटं असते आणि ती थेट गणितातून आली आहे. सूर्य म्हणजे नुसता बिंदू नव्हे, त्याच्या बिंबाची रुंदी सुमारे ३२ कला आहे, आणि एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. दिवसाला ६० कला चाल धरली तर पूर्ण बिंब राशीची सीमा ओलांडायला ३२ भागिले ६० दिवस लागतात. त्याचेच १२ तास ४८ मिनिटं होतात. आपण जो संक्रांतीचा क्षण म्हणतो, तो बिंबाचा मध्य सीमेवर येण्याचा. त्याच्या अलीकडे ६ तास २४ मिनिटं आणि पलीकडे तितकीच.

मग आपला गुढीपाडवा यात का नाही? तो कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये येतो.

तो चंद्रावर चालतो, पण मेष संक्रांतीपासून सुटलेला नाही. चैत्र कोणता हे संक्रांतच ठरवते. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतच्या ज्या महिन्यात सूर्य मेषेत शिरतो, तो महिना चैत्र, आणि त्याची पहिली तिथी पाडव्याची. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता, संक्रांत त्यानंतर तेवीस दिवसांनी आली. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला, आणि संक्रांत चारच दिवसांनी, १३ च्या रात्री. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे पाडवा संक्रांतीच्या फार तर महिनाभर आधी येऊ शकतो.

ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलतच नाही तो अधिक. २०२९ मध्ये चैत्रच अधिक येतो, कारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या महिन्यात एकही संक्रांत नाही.

हा क्षण आकाशात दिसतो का?

सूर्याच्या तेजात मागचे तारे दिसत नाहीत, तेव्हा थेट नाही. पण समोरची बाजू पाहता येते. मेषेचा आरंभ चित्रेच्या समोर आहे, म्हणून एप्रिलच्या मध्यावर सूर्य मावळतो तेव्हा चित्रा पूर्वेला नुकती उगवलेली असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे सगळ्यांत उंच येते. संध्याकाळी आठच्या पुढे पूर्व-आग्नेयेला निळसर पांढरा ठळक तारा शोधा, शहराच्या उजेडातही तो सापडतो. फक्त मोबाइलच्या ॲपवर सूर्य कुठे आहे ते बघू नका. तिथे १४ एप्रिलला तो अजून मीन तारकासमूहातच दिसेल. तारकासमूहांच्या आंतरराष्ट्रीय सीमा समान ३० अंशांच्या नाहीत, आणि त्या सीमांनुसार सूर्य मेषेत जातो तो चार-पाच दिवस उशिरा.