फोटोवरून मोसंबी तोडायला झाली का, हे कसं ओळखावं?

प्रश्न: पाचोऱ्याजवळ बाग आहे, आंबे बहार. फळं अजून हिरवीच, काहींवर तपकिरी डाग. फोटो पाहून सांगाल का, तोडायला झाली?

उत्तर: हिरव्या रंगावर जाऊ नका. साल पिवळी पडायला रात्रीचा गारवा लागतो. आपल्याकडे तो उशिरा येतो, तोवर आत रस भरलेला असू शकतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत गडद हिरवा जाऊन पोपटी छटा आली आहे, साल गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. ही फळं तयार वाटतात. पहिला फोटो मात्र पानांच्या सावलीतला, त्यात सगळंच हिरवं दिसणार. फळ उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून, फ्लॅश बंद करून पुन्हा काढा.

डाग दोन प्रकारचे आहेत. सालीवर पसरलेला खरखरीत तपकिरी थर म्हणजे लाल्या, कोळ्यांचं काम. गर सहसा चांगला असतो, भाव तेवढा पडतो. पण शेवटच्या फोटोत टाचणीएवढं छिद्र आणि भोवती मऊ गोल डाग दिसतो. तो रस शोषणाऱ्या पतंगाचा. दाबून बघा, छिद्रातून रस आला तर ते फळ क्रेटमध्ये घालूच नका, आतून सडतं.

गोडी फोटोत दिसत नाही. चारही बाजूंची दोन-दोन फळं कापून चाखा.