सायकल चोरीला घालवू नकोस

तुझी गोष्ट वाचली. दोन मित्र सायकलवरनं भांडतात हे छान धरलंयस, पण तू सायकल चोरीलाच घालवलीस, मग चूक कुणाचीच राहत नाही अन् भांडणात दम उरत नाही. त्यापेक्षा पुढचं चाक आऊट कर. म्हणजे बघ, समीर विक्याची सायकल घेऊन गड्ड्याच्या जत्रेला जातो, गर्दीत कुठंतरी आदळतो, रिम वाकते, आणि रात्री गुपचूप विक्याच्या दारात लावून निघून जातो. सकाळी विक्या क्लासला निघतो तर दर फेऱ्याला रिम ब्रेकच्या रबराला घासतेय, खर्र... खर्र, पार सात रस्त्यापर्यंत. इथं थांब, पाच-सहा वाक्यं दे, खरी गोष्ट इथंच आहे.

राग चाकाचा नाही, न सांगितल्याचा आहे, पण हे विक्याच्या तोंडी घालू नको, चौदा वर्षांचं पोरगं असं बोलत नाही, ते फक्त 'काय बे, नीट दिली होती ना' म्हणेल.

शेवटी आई-बाबांना मधे आणून मिटवू नको प्लीज. समीरच सायकल दुरुस्तीला न्यायला येऊ दे. दुकानदार स्पोक आवळतोय अन् दोघं बाकड्यावर, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.