एकदाच दिसलेलं रक्त

प्रिय,

तुझ्या पेशंटची हकिगत वाचली. ५८ वर्षांचे गृहस्थ. एका सकाळी लघवी लालभडक झाली, पण दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. संध्याकाळपर्यंत रंग नेहमीसारखा. पाच दिवसांनी ते तुझ्याकडे आले तेव्हा लघवीच्या तपासणीत एकही लाल पेशी सापडली नाही आणि सोनोग्राफीही नॉर्मल आली. उन्हाळी लागली असेल, आता थांबलं ना, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि तू विचारतोस, महिनाभर वाट पाहावी का?

नको. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं रक्त हाच या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट आहे. पाच दिवसांनंतरची स्वच्छ लघवी तो खोडून काढू शकत नाही.

या वयात, न दुखता उघड दिसणारं रक्त म्हटलं की मूत्राशयाचा कॅन्सर आधी मनात यायला हवा. असं रक्त दिसलेल्या पन्नाशीपुढच्या दर १० जणांत साधारण एक-दोघांना मूत्रमार्गात कुठेतरी कॅन्सर निघतो. म्हणजे बहुतेकांना नसतो, हेही त्यांना स्पष्ट सांग. पण कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे रक्त थांबण्यावरून ओळखता येत नाही.

ते का थांबतं, हे नीट समजून घे. मूत्राशयातली गाठ बहुतेकदा आतल्या अस्तरावर, पाण्याखालच्या शेवाळाच्या तुऱ्यांसारखी वाढते. त्या नाजूक तुऱ्यांतली एखादी रक्तवाहिनी फुटते, लिटरभर लघवीला लाल करायला मिलिलिटरभर रक्तही पुरतं, आणि मग तिथे गुठळी बसून रक्त थांबतं. गाठ मात्र जागेवरच असते. पुढचं रक्त आठवड्यानेही येईल, सहा महिन्यांनीही. वेदना नसते, कारण ना अडथळा असतो, ना सूज. मुतखडा दुखतो म्हणून माणूस धावत येतो. हे दुखत नाही म्हणून घरीच राहतो. माझी खरी काळजी तीच आहे.

आता सोनोग्राफी. ती केली तेव्हा मूत्राशय पूर्ण भरलेलं होतं का, हे रिपोर्टमध्ये बघ. अर्धवट रिकाम्या मूत्राशयाच्या घड्यांत लहान गाठ सहज लपते. भरलेलं असलं तरी काही मिलिमीटरची गाठ निसटू शकते, आणि अस्तरावर चपटा पसरणारा कॅन्सर तर सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाही. लघवीतल्या पेशींच्या तपासणीतही सौम्य प्रकारच्या गाठी सुटतात. म्हणून त्यांना युरॉलॉजिस्टकडे पाठव आणि चिठ्ठीत ‘न दुखता, उघड दिसलेलं रक्त’ असं स्पष्ट लिही. फक्त ‘लघवीची तक्रार’ लिहिलंस तर नंबर मागे पडेल.

तिथे सिस्टोस्कोपी होईल. सुन्न करणारी जेली लावून लवचिक दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहतात. काही मिनिटांचं काम असतं, नंतर एखादा दिवस जळजळ होते. किडनी आणि मूत्रवाहिन्यांसाठी सीटी युरोग्राफी करतात; त्याआधी क्रिएटिनिन बघून ठेव. सीटी नॉर्मल आला म्हणून सिस्टोस्कोपी टाळायची नाही.

त्यांना तू काय काय विचारलंस, ते पत्रात नाही. सिगारेट-विडी पूर्वी ओढायचे का, हे जरूर विचार. सोडून कैक वर्षं झाली असली तरी धोका पूर्ण जात नाही. रंग किंवा रबराच्या कारखान्यात काम केलं होतं का? आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, रिफॅम्पिसिन चालू होतं? रक्ताच्या गुठळ्या दिसल्या का? ते ॲस्पिरिन घेतात असं तू लिहिलंस, पण कारण तेवढंच धरून बसू नकोस. रक्त पातळ करणारी गोळी निरोगी अस्तरातून सहसा रक्त काढत नाही, आधीपासून असलेली गाठ मात्र उघडी पाडते. तपास तोच, तेवढाच.

याच वयाच्या बाईंच्या बाबतीत जास्त सावध राहा. त्यांना ‘इन्फेक्शन’ म्हणून कल्चर न करताच अँटिबायोटिकचे कोर्स दिले जातात, आणि त्यात महिने निघून जातात. कल्चरमध्ये जंतू आले तर उपचार कर, पण त्यानंतर लघवी पुन्हा तपास आणि दिसलेल्या रक्ताचा तपास चालूच ठेव. विशीतल्या मुलाला घसा दुखताना चहा-कोलाच्या रंगाची लघवी झाली, सोबत प्रथिनं आणि वाढलेलं ब्लड प्रेशर असलं, तर ती वाट वेगळी. त्याला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठव.

तुझे पेशंट घाबरून टाळतील, तर त्यांना हे सांग: निदान होतं तेव्हा १०० पैकी साधारण ७५ जणांची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली नसते. ती दुर्बिणीतून, पोट न उघडता खरवडून काढता येते. मात्र ती परत येऊ शकते, म्हणून पुढे ठरावीक काळाने आत बघत राहावं लागतं. स्नायूत शिरल्यावर अनेकदा सगळं मूत्राशय काढण्याची वेळ येते.

आणि सगळं नॉर्मल निघालं तर? वर्षभराने लघवी पुन्हा तपास, आणि त्याआधी कधीही लाल दिसली तर त्याच दिवशी नमुना घेऊन यायला सांग. तेव्हा जुना नॉर्मल रिपोर्ट पुढे न करता तपास पुन्हा सुरू कर. या आठवड्यात त्यांना अपॉइंटमेंट मिळाली का, ते मला कळव.

तुझे सर