उताऱ्यावरून अनुमान काढायच्या प्रश्नांत 'बहुधा सत्य' आणि 'माहिती अपुरी' यांत मी दर वेळी चुकतो. नेमकं ठरवायचं कसं?

तुमची चूक बहुतेक 'माहिती अपुरी'चा अर्थ लावण्यात होत असावी. पुष्कळ जण हा पर्याय 'मला नक्की सांगता येत नाही' अशा अर्थाने निवडतात. मीही तयारीच्या काळात बरेच महिने तेच करत होतो. पण नक्की सांगता येत नाही हे तर 'बहुधा सत्य'च्या वेळीही खरंच असतं, म्हणून तर तिथे 'बहुधा' लावलंय! फरक झुकण्याचा आहे. 'बहुधा'च्या वेळी उतारा एका बाजूला झुकलेला असतो, 'अपुरी'च्या वेळी काटा मधोमध उभा असतो.

हे नुसतं ऐकून उपयोग नाही, म्हणून एक उतारा घेऊ. मी आत्ताच रचलाय, आकडेही माझेच.

"एका वाचनालयाने वर्षाच्या सुरुवातीला उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांवरचा दंड बंद केला. मुदत संपायच्या दोन दिवस आधी सभासदांना मोबाइलवर आठवण पाठवायलाही तेव्हाच सुरुवात झाली. आदल्या वर्षी ४,००० सभासद होते आणि १२,००० पुस्तकं उशिरा आली होती. या वर्षी ५,००० सभासद होते आणि ९,००० पुस्तकं उशिरा आली. वर्षअखेरीस समितीने हे आकडे पाहिले आणि पुढच्या वर्षीही दंड न घेण्याचं ठरवलं."

अशा प्रश्नांत पाच पर्याय असतात: निश्चितपणे सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, बहुधा असत्य आणि निश्चितपणे असत्य. त्यातले टोकाचे दोन पटकन उरकू. 'सभासदामागे उशिरा येणाऱ्या पुस्तकांची सरासरी घटली' हे विधान उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते निश्चितपणे सत्य. आधी सरासरी ३ होती, आता १.८ आहे. भागाकार केला की विषय संपला. उताऱ्यात शब्दशः सापडलं नाही म्हणून घाबरून 'बहुधा'वर येऊ नका. उलट 'सभासद वाढल्यामुळे उशिरा येणारी पुस्तकंही वाढली' हे निश्चितपणे असत्य, कारण पुस्तकं १२,००० वरून ९,००० वर आली आहेत. जे वाढलंच नाही, त्याचं कारण शोधत बसायचं नाही.

आता खरी गंमत. विधान असं आहे: 'दंड बंद केल्यामुळे उशिरा येणाऱ्या पुस्तकांची संख्या कमी झाली.' वाचल्या वाचल्या हात 'बहुधा सत्य'कडे जातो. दंड बंद झाला, मग संख्या घटली, क्रम तर जुळतोय. पण मोबाइलवरच्या आठवणीचं वाक्य पुन्हा वाचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्यात. घट आठवणीमुळे झाली असेल, दंड नसल्यामुळे झाली असेल, दोन्हींमुळेही असेल. इतकंच काय, दंड नसल्यामुळे लोक थोडे निर्धास्त झाले आणि आठवणीने ती कसर भरून काढली, हेही शक्य आहे. उताऱ्यातलं एकही वाक्य यातल्या एका शक्यतेला दुसरीपेक्षा जड करत नाही. म्हणून माहिती अपुरी. एका बदलाशेजारी दुसरा बदल गुपचूप ठेवून देणं ही पेपर काढणाऱ्यांची आवडती खोड आहे.

याच्या शेजारी हे विधान ठेवा: 'दंड बंद केल्यानंतरचा अनुभव समितीला समाधानकारक वाटला.' समितीचं मत उताऱ्यात नाही, त्यामुळे इथेही 'अपुरी'चा मोह होतो. पण शेवटच्या वाक्यावर बोट ठेवा. समितीने आकडे पाहिले आणि निर्णय पुढे चालू ठेवला. नाराज माणसं सहसा असं करत नाहीत. तरी 'निश्चितपणे' म्हणता येणार नाही, कारण दंड वसूल करण्याचा व्याप नको म्हणूनही त्यांनी तो पुढे बंद ठेवला असेल. काटा झुकलाय, पण टेकलेला नाही. उत्तर बहुधा सत्य. हेच विधान उलटं करून 'दंडबंदी फसली असं समितीला वाटतं' असं विचारलं, तर त्याच वाक्याच्या जोरावर बहुधा असत्य.

मी वापरतो ती कसोटी यातूनच निघते. विधान वाचलं की त्याचं नेमकं उलटं विधान मनात तयार करायचं आणि दोन्ही उताऱ्याशेजारी ठेवायची. उलटं विधान उताऱ्याशी भांडत असेल, तर मूळ विधान निश्चितपणे सत्य. उलटं विधान भांडत नाही, पण ते खरं मानायला एखादं खास कारण बाहेरून आणून जोडावं लागतंय, तर मूळ विधान बहुधा सत्य. दोन्ही विधानं सारख्याच सहजपणे बसत असतील, तर माहिती अपुरी. आणि 'बहुधा' निवडताना काटा झुकवणाऱ्या वाक्यावर बोट ठेवता आलंच पाहिजे. बोट ठेवायला वाक्य सापडत नसेल, तर झुकलेलं तुमचं मन असतं, उतारा नाही.

आता 'बाहेरचं ज्ञान वापरायचं का' हा वाद. वापरायचं, पण थोडं. पाच पर्यायांचा हा प्रकार गुडविन वॉटसन आणि एडवर्ड ग्लेझर यांच्या चिकित्सक विचाराच्या चाचणीतही आहे. जवळपास प्रत्येकाला ठाऊक असलेली साधी गोष्ट उताऱ्याच्या जोडीला घ्यायला तिथे मुभा असते. 'नाराज माणसं निर्णय पुढे चालू ठेवत नाहीत' हे तशा ज्ञानात मोडतं, ते नसतं तर 'बहुधा' म्हणताच आलं नसतं. पण दंडाविषयी तुम्ही कुठे काही खास वाचलं असेल, तर ते इथे चालणार नाही. जगात खरी असलेली गोष्ट या उताऱ्यापुरती 'माहिती अपुरी' असू शकते. अभ्यासू मुलांचे गुण इथे जातात.

शेवटी शब्दांवर लक्ष ठेवा, कारण एका शब्दाने उत्तर सरकतं. 'वाचनालयाचं एकूण उत्पन्न घटलं' हे विधान घ्या. दंडाचे पैसे बंद झाले हे खरं, पण सभासद हजाराने वाढलेत. ते वर्गणी देतात की नाही, दिली तर किती, उताऱ्यात पत्ता नाही. माहिती अपुरी. आता त्यातला 'एकूण' काढून 'दंडातून मिळणारं उत्पन्न घटलं' असं करा. आदल्या वर्षी १२,००० पुस्तकं उशिरा आली होती, म्हणजे थोडाफार तरी दंड जमला असणार, आणि या वर्षी तो आकारलाच नाही. मी इथे बहुधा सत्य म्हणेन, कारण जुनी थकबाकी या वर्षी वसूल झाली असण्याची बारीक फट उरते. कुणी याला निश्चितपणे सत्य म्हटलं, तर मी फार भांडणार नाही. 'निश्चितपणे' आणि 'बहुधा' यांच्या सीमेवर उत्तरपत्रिकांचंही एकमेकींशी पटत नाही, त्यामुळे तिथे पाच मिनिटं घालवू नका. तो वेळ 'बहुधा' आणि 'अपुरी'च्या सीमेवर द्या, कारण तिथे बोट ठेवायला वाक्य आहे की नाही हे तपासता येतं.