गॅस कनेक्शन सरेंडर केल्यावर डिपॉझिट परत मिळतं का?

प्रश्न: आम्ही पुढच्या महिन्यात नाशिक सोडून कोल्हापूरला जातोय. माझ्या नावावर २०१६ चं दोन टाक्यांचं घरगुती गॅस कनेक्शन आहे. एजन्सीवाले म्हणतात, "डिपॉझिट आता परत मिळत नाही, तिकडे ट्रान्सफर करून घ्या." शिवाय कनेक्शन घेतानाचा कागद सापडत नाहीये. खरंच पैसे मिळत नाहीत का?

उत्तर:

मिळतात. टाकी आणि रेग्युलेटर आपण विकत घेतलेले नसतात. ते कंपनीचे असतात आणि आपण वापरायला घेतो म्हणून त्यांच्यापोटी डिपॉझिट भरतो. वस्तू परत केल्या की डिपॉझिट परत मिळतं, आणि गाव बदललं म्हणून हा नियम बदलत नाही. मागच्या वर्षी पंचवटीतलं आईबाबांचं घर बंद करून त्यांना आमच्याकडे गंगापूर रोडला आणलं, तेव्हा बाबांच्या नावावरचं कनेक्शन मी स्वतः बंद केलं. त्यामुळे एजन्सीच्या काउंटरवर काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे.

आधी ट्रान्सफरबद्दल सांगते, कारण तुम्हाला अर्धवट सांगितलंय. नाशिकमध्येच सिडकोतून पंचवटीत गेलात, तर टाक्या तुमच्याकडेच राहतात. फक्त कागद एका एजन्सीकडून दुसरीकडे जातो आणि डिपॉझिटला कोणी हात लावत नाही. कोल्हापूरसारख्या लांबच्या गावी जाताना टाक्या नेता येत नाहीत. त्या इथेच जमा करायच्या, इथलं डिपॉझिट इथेच घ्यायचं, आणि तिकडे तिथल्या आजच्या दराने नवीन डिपॉझिट भरायचं. म्हणजे लांबच्या ट्रान्सफरमध्ये पैसे परत मिळणं हाच पहिला टप्पा असतो. "ट्रान्सफर करा, पैसे मिळणार नाहीत" ही दोन वाक्यं एकत्र बसतच नाहीत.

आता रकमेचं. परत मिळते ती तुम्ही कनेक्शन घेताना भरलेली रक्कम. आजचा दर लागत नाही आणि व्याजही मिळत नाही. १४.२ किलोच्या टाकीचं डिपॉझिट १६ जून २०२२ रोजी १,४५० वरून २,२०० रुपये झालं, आणि रेग्युलेटरचं १५० वरून २५० रुपये. तुमचं कनेक्शन २०१६ चं आहे आणि दोन्ही टाक्या तेव्हाच घेतल्या असतील, तर १,४५० दुणे २,९०० आणि रेग्युलेटरचे १५० मिळून ३,०५० रुपये तुमचे. कोल्हापुरात पुन्हा दोन टाक्या घेतल्या तर ४,६५० रुपये भरावे लागतील, म्हणजे खिशातून १,६०० रुपये जास्तीचे जातील. कुटुंब लहान असेल तर तिकडे एकच टाकी घ्यायची का, हे आत्ताच ठरवा. शेगडी, रबरी नळी आणि जोडणीचा खर्च यांचं काही परत येत नाही, पण शेगडी तुमचीच आहे, ती सोबत न्या. रेग्युलेटर मात्र जमा करायचा असतो. सामान बांधताना तो शेगडीच्या खोक्यात जाऊन पडतो आणि ऐनवेळी सापडत नाही. उज्ज्वला योजनेतल्या कनेक्शनचं डिपॉझिट सरकारने भरलेलं असतं, त्यामुळे ते ग्राहकाच्या हातात येत नाही. तुमचं तसं दिसत नाही.

बाबांच्या वेळी जे घडलं ते सविस्तर सांगते, कारण तीच चूक तुमच्याकडेही होऊ शकते. त्यांचं कनेक्शन २०१५ मध्ये एका टाकीचं होतं. दुसरी टाकी आईच्या आग्रहावरून २०२२ च्या दिवाळीनंतर घेतली, तेव्हा नवा दर लागू झालेला होता. आम्ही दोन्ही टाक्या आणि रेग्युलेटर घेऊन एजन्सीत गेलो. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहून चिठ्ठीवर ३,०५० लिहून दिले. बाबा घ्यायला निघालेही होते. मी घरूनच हिशेब करून गेले होते: १,४५० अधिक २,२०० अधिक १५०, म्हणजे ३,८००. मी म्हटलं, "दादा, दुसऱ्या टाकीचं व्हाउचर वेगळं आहे, ते उघडून बघा." तो म्हणाला, "कनेक्शन २०१५ चं आहे ना ताई, मग दोन्ही त्याच दराने." हेच चुकीचं होतं. दुसरी टाकी नंतर घेतली की तिचं स्वतंत्र व्हाउचर निघतं आणि तिची रक्कम त्या दिवसाच्या दराची असते. गॅसच्या पुस्तकाच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये चार घड्या घातलेला तो कागद बाबांना सापडला. छपाई इतकी पुसट झाली होती की उजेडात तिरपा धरून वाचावा लागला, पण तारीख आणि २,२०० स्पष्ट होते. मालकांनी तो कागद पाहिला, व्यवस्थित माफी मागितली आणि रक्कम दुरुस्त करून दिली. ७५० रुपयांचा फरक होता. बाबांची पेन्शन बघता ती रक्कम लहान नव्हती.

म्हणून तुम्हीही दुसरी टाकी कधी घेतली ते आठवून बघा. दोन्ही २०१६ च्याच असतील तर हा प्रश्न येणार नाही.

आता तुमचा हरवलेला कागद. कनेक्शन घेताना मिळालेल्या त्या कागदाला सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणतात, आणि एजन्सीत सगळे त्याला 'एसव्ही' म्हणतात. तुमचा ग्राहक क्रमांक आणि डिपॉझिटची नोंद एजन्सीच्या संगणकातही असते, त्यामुळे कागद हरवला म्हणून हक्क जात नाही. व्हाउचर हरवल्याचं लेखी निवेदन द्यावं लागतं. त्यात ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता, टाक्यांची संख्या आणि "पुढे हे व्हाउचर सापडल्यास त्यावर कोणताही दावा करणार नाही" एवढं पुरतं. काही ठिकाणी प्रतिज्ञापत्र मागतात. मागितलं तर त्याचा नमुना तुम्ही तयार करू नका, एजन्सीकडूनच घ्या, म्हणजे "असं नको, तसं पाहिजे" म्हणत दोनदा हेलपाटा पडत नाही. जाण्याआधी कंपनीच्या अॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर तुमचं खातं उघडून पाहा. अलीकडच्या कनेक्शनांचं व्हाउचर तिथे दिसतं.

अर्ज मात्र दोन प्रतींत लिहून न्या. तोंडी बोलण्यावर काही ठरत नाही. आम्ही साध्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: "मी माझे घरगुती गॅस कनेक्शन, ग्राहक क्रमांक अमुक, बंद करीत आहे. दोन रिकाम्या टाक्या व एक रेग्युलेटर जमा करीत आहे. सबस्क्रिप्शन व्हाउचरप्रमाणे अनामत रक्कम व टर्मिनेशन व्हाउचर द्यावे." तुमच्या अर्जात "कोल्हापूर येथे स्थलांतरासाठी" हे शब्द नक्की घाला. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. सोबत ओळखपत्र आणि गॅसचं पुस्तक ठेवा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, तेव्हा शक्यतो तुम्हीच जा. दुसऱ्याला पाठवायचं तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत लागेल.

टाक्या खरोखर रिकाम्या करून न्या. उरलेल्या गॅसचे वेगळे पैसे मिळतील असं धरून चालू नका. जायला महिना आहे, तर आता दुसरी टाकी भरून घेऊ नका, आहे त्यातच भागवा. आणखी एक: टाकीवर तुमच्याच कंपनीचं नाव आहे का, ते बघून घ्या. शेजाऱ्याशी अडीनडीला टाकी बदललेली असते आणि ते आपल्या लक्षातही राहत नाही. दुसऱ्या कंपनीची टाकी एजन्सी घेत नाही, मग तेवढ्यासाठी शेजारी शोधत फिरावं लागतं. टाकी हरवली असेल तर तिचं डिपॉझिट तर जातंच, वर दंडही लागू शकतो. म्हणून निघताना "घे तुला" म्हणून कोणालाही टाकी देऊन जाऊ नका.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती टर्मिनेशन व्हाउचरची. एजन्सीत त्याला 'टीव्ही' म्हणतात. कनेक्शन बंद झालं, अमुक इतक्या वस्तू जमा झाल्या आणि अमुक रक्कम परत दिली, याचा पुरावा तोच. एका घराला एकच कनेक्शन असतं आणि आधार जोडलेला असल्याने जुनं कनेक्शन चालू दिसलं तर नवा अर्ज अडकतो. कोल्हापुरातली एजन्सी तुमच्याकडे पहिल्यांदा हेच व्हाउचर मागेल. त्यामुळे "पैसे घ्या, कागद नंतर पाठवतो" असं कोणी म्हणालं तर टाक्या त्यांच्या गोदामात ठेवून घरी येऊ नका. टाक्या, पैसे आणि व्हाउचर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात. व्हाउचरवरची रक्कम वाचून मगच सही करा आणि तिथेच मोबाईलवर फोटो काढा. घरी आल्यावर अॅपमध्ये कनेक्शन बंद दाखवतंय का तेही बघा. चार-सहा दिवसांनंतरही चालू दिसत असेल तर व्हाउचर संगणकात चढलेलं नाही असं समजा आणि लगेच फोन करा.

"कंपनीकडून पैसे यायला वेळ लागेल" हे कारण ऐकू आलं तर शांतपणे सांगा की रक्कम वितरकानेच द्यायची असते, त्याचा कंपनीशी हिशेब वेगळा होतो. तरी नकार मिळाला तर नकार लेखी मागा. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावर येते. नाही आली तर १८००-२३३३-५५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. त्यानेही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. शेवटचा मार्ग नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि तक्रार २ वर्षांच्या आत करता येते. अर्जाची पोहोच असलेली प्रत आणि टाक्या जमा केल्याची पावती हाताशी असेल तर तुमची बाजू पक्की. ३,०५० रुपयांसाठी आयोगापर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही, पण एजन्सीत जाऊन आलात की काय झालं ते इथे नक्की लिहा. अडलंच तर अर्जाचा मजकूर मी बघून देईन.