कॉम्बोपुढचा ‘६७०–११९०’ हा आकडा कसा वाचायचा?

प्रश्न: धुळ्याला राहतो. पोरांच्या हट्टापायी महिन्यातून दोन-तीनदा बर्गरच्या चेनमध्ये जाणं होतं. बोर्डवर कॅलरी लिहिलेल्या असतात, पण कॉम्बोपुढे ‘६७०–११९०’ असं असतं. यातला कुठला आकडा आपला? कमी कॅलरीचं आणि तरी अंगी लागेल असं नेमकं काय मागवायचं?

उत्तर:

भाऊ, पुण्यात अशाच एका चेनच्या काउंटरवर मी तीन वर्षं काम केलंय. आता जळगावला असतो. आमच्याकडे हायवेवर जी चेन आहे तिच्या बोर्डवरही ६७०–११९० हाच आकडा आहे, त्यामुळे तिथले आकडे धरूनच सांगतो. मागच्या महिन्यात फुईला आणि आठवीतल्या पुतण्याला घेऊन गेलो होतो, तेव्हा ते वहीत उतरवून आणले होते.

हा पल्ला एवढा मोठा का, ते आधी पाहू. बटाट्याच्या पॅटीचा साधा बर्गर ३४० कॅलरीचा आहे. मध्यम फ्राइज ३३०, मोठे फ्राइज ४५०. पेयांमध्ये पाणी आणि बिनसाखरेचा कोला शून्य, मध्यम कोला १६०, मोठा २२०, कोल्ड कॉफी २९० आणि शेक ४००. आता ३४० मध्ये ३३० मिळवा, ६७० झाले. म्हणजे पल्ल्याचा खालचा आकडा हा मध्यम फ्राइज आणि बिनसाखरेच्या पेयाचा आहे. ३४०, ४५० आणि ४०० ची बेरीज ११९०, म्हणजे वरचा आकडा मोठे फ्राइज आणि शेकचा. बर्गर दोन्हीकडे तोच. मधल्या ५२० कॅलरींपैकी १२० फ्राइजच्या मापातून येतात आणि ४०० एकट्या पेयातून. कुठल्याही कॉम्बोच्या पल्ल्यातून बर्गरचा आकडा वजा करून बघा, उरलेलं सगळं पुडीत आणि ग्लासात असतं.

काउंटरवर नुसतं ‘कॉम्बो द्या’ म्हटलं की मध्यम फ्राइज आणि मध्यम कोला मिळतो. ३४०, ३३० आणि १६० मिळून ८३०. बोर्डच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, की सर्वसाधारण सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात, पण गरज व्यक्तीप्रमाणे बदलू शकते. ती ओळ एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांमुळे येते. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या चेनला पदार्थापुढे कॅलरी आणि सर्व्हिंगचं माप द्यावंच लागतं. (म्हणून कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर हे दिसत नाही.) पण २,००० हा आकडा सगळ्यांना लागू धरू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईची गरज १,६६० दिली आहे. म्हणजे तो साधा दिसणारा ८३० चा कॉम्बो फुईसारख्या बाईच्या दिवसाच्या बरोबर निम्मा होतो. बोर्डवर २,००० वाचून तो जरा हलका वाटतो.

फुई मांसाहार करत नाही, अंडंही नाही. बोर्डकडे बघत तिने विचारलं, “मी काय लेऊ रे?” आणि स्वतःच बटाट्याच्या बर्गरवर बोट ठेवलं, कारण शाकाहारी बर्गरमध्ये तोच सगळ्यात कमी आकड्याचा. इथेच बहुतेक लोक चुकतात असं मला वाटतं. कमी आकड्याचा बर्गर घेतात, त्याने पोट भरत नाही, मग फ्राइज खाऊन भूक भागवतात. बटाट्याच्या पॅटीसोबत परत बटाटाच.

मी काउंटरवरून पोषणाची माहिती मागून घेतली. बोर्डवर फक्त कॅलरी असतात, पण प्रथिनं, चरबी, साखर, सोडियम यांचा तक्ता चेनकडे असतो. काउंटरवर पुस्तिका मागा, नाहीतर त्यांच्या वेबसाइटवर बघा. त्यात बटाट्याच्या बर्गरपुढे प्रथिनं ८ ग्रॅम होती, मध्यम फ्राइजपुढे ४ ग्रॅम. दोन्ही मिळून ६७० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. त्याच बोर्डवरचा पनीर बर्गर ५९० चा, तळलेला, आकडा बघून कोणीही दचकेल असा. पण त्यात प्रथिनं २० ग्रॅम. तो एकटा घेतला, सोबत पाणी, तर कॅलरी ८० ने कमी, प्रथिनं ८ ग्रॅम जास्त आणि पोट दुपारभर शांत. फुईने तोच खाल्ला. घरी पोचल्यावर चार वाजता चहाबरोबर तिला काही लागलं नाही, एरवी लागतं.

म्हणून एक-एक पदार्थाचा आकडा न बघता ताटात शेवटी काय येणार त्याची बेरीज करायची, आणि शंभर कॅलरीमागे प्रथिनं किती पडतात ते बघायचं. बटाट्याच्या बर्गरला हे सव्वादोनाच्या थोडं वर येतं, पनीरला साधारण साडेतीन. तिथल्या ग्रिल्ड चिकन बर्गरला ३७० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पाचाच्या वर. मांसाहार चालत असेल तर त्या बोर्डवर याच्यापेक्षा चांगलं मला काही सापडलं नाही. त्याच चिकनचा कुरकुरीत, तळलेला बर्गर मात्र वेगळा पदार्थ समजा, नावं सारखी असली तरी. ‘ग्रिल्ड’ हा शब्द नीट वाचा, फोटोवर जाऊ नका. आणि गव्हाचा किंवा मल्टीग्रेन पाव घेतल्याने कॅलरीत फारसा फरक पडत नाही, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

पुतण्याला मोठा कॉम्बो हवा होता, तळलेला पनीर, मोठे फ्राइज, मोठा कोला. ५९०, ४५० आणि २२०, बेरीज १,२६०. मी त्याला नाही म्हटलं नाही, वहीत बेरीज करायला लावली. मोठ्या कोल्याच्या २२० कॅलरी जवळपास सगळ्या साखरेच्याच असतात आणि एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी, म्हणून ५५ ग्रॅम साखर. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर अकरा चमचे. आकड्यापेक्षा हे अकरा चमचे त्याला लागले. शेवटी ग्रिल्ड चिकन बर्गर, छोटे फ्राइज २२५ आणि पाणी, असं ५९५ वर तो तयार झाला. वाढत्या वयाच्या पोराला एवढं जेवण हवंच, त्याला उपाशी ठेवायचं नाहीये. फक्त कॅलरी दातांखालून गेल्या पाहिजेत, स्ट्रॉमधून गेलेल्या पोटाला कळत नाहीत.

आता बोर्डवर जे येत नाही त्याबद्दल, कारण हे मला काउंटरच्या आतल्या बाजूने माहीत आहे. बोर्डवरचा आकडा ठरलेल्या कृतीचा असतो. तुम्ही ‘एक्स्ट्रा मेयो’ किंवा ‘एक्स्ट्रा चीज’ म्हटलंत की तो आकडा तुमचा राहत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बदललेल्या पदार्थाला तो नियम लागू नाही. टेबलावर फुकट मिळणाऱ्या केचपच्या पुड्यांनाही नाही. केचपचं फार मनावर घेऊ नका. मेयोचं घ्या. आमच्याकडे मेयो पिचकारीने सोडायचे, एक दाब म्हणजे एक माप. गर्दीच्या वेळी नवीन पोरगा दोनदा दाबायचा आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. एका मापात पंधरा ग्रॅम मेयो आणि त्यात निम्मं जरी तेल धरलं तरी साडेसात ग्रॅम तेल होतं, म्हणजे ६५-७० कॅलरी. पावाच्या कडेने मेयो बाहेर आलेला दिसला तर समजायचं की दोनदा दाबलंय. उलट ‘मेयो कमी’ किंवा ‘मेयो नको’ सांगितलं तर तेवढं कमी होतं, आणि सांगायला काही लागत नाही. फ्राइजचंही तसंच आहे, पुडी हाताने भरली जाते, कधी गच्च, कधी पोकळ. बोर्डवर छोट्या पुडीपुढे ७५ ग्रॅम लिहिलं असेल तर ते माप आहे, तुमच्या पुडीचं वजन नाही.

सोडियमचा रकाना तेवढा बघून ठेवा. पनीर बर्गरपुढे तो हजार मिलिग्रॅमच्या आसपास होता, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २,००० च्या आत राहायला सांगते. घरात कुणाला बीपी असेल तर पनीर एकट्यानेच निम्मं खातं हे लक्षात ठेवा आणि त्या दिवशी घरी ठेचा-पापड टाळा. फ्राइज मीठ न घालता मागता येतात. ताजे तळून द्यावे लागतात म्हणून पाच मिनिटं थांबावं लागेल, पण गरमही मिळतात.

पैशाचं म्हणाल तर तुमची अडचण कळते. सुट्टा बर्गर आणि कॉम्बो यांच्या भावात थोडाच फरक ठेवलेला असतो, म्हणून सुट्टं घेताना तोटा झाल्यासारखं वाटतं. चौघं असाल तर सगळ्यांचे कॉम्बो करू नका. एकच कॉम्बो घ्या, त्यात कोल्याऐवजी पाण्याची बाटली मागा (बऱ्याच ठिकाणी बदलून देतात), आणि बाकीचे तीन बर्गर सुट्टे. मध्यम फ्राइज चौघांत वाटले तर प्रत्येकी ऐंशीच्या थोडं वर येतात. पोरांचा हट्ट फ्राइजच्या चवीसाठी असतो, पुडीच्या मापासाठी नसतो. स्क्रीनवर ऑर्डर देत असाल तर पहिलं पान घाईत पुढे ढकलू नका. तिथे मध्यम किंवा मोठं माप आणि कोला आधीच निवडून ठेवलेला असतो, तो बदलून मगच पुढे जा. आणि काउंटरवर ‘थोडेच पैसे जास्त, लार्ज करू का?’ असं विचारलं जाईल. तो पोरगा ठरवून दिलेलं वाक्य बोलतो, मीही बोलायचो. त्याला नाही म्हटलं तर वाईट वाटत नाही.

पोरांना नंतर गोड लागतंच, तर गाडीत घरची केळी ठेवा. एक मध्यम केळं साधारण शंभर कॅलरी, तिथल्या शेकच्या पाव हिस्सा.

तुमच्या घरी शाकाहारी मोठी माणसं आणि दोन पोरं असतील तर काउंटरवर मी असं सांगेन: “दोन पनीर बर्गर सुट्टे, मेयो कमी. दोन ग्रिल्ड चिकन, त्यातला एक कॉम्बोत, फ्राइज मध्यम, मीठ न घालता, कोल्याऐवजी पाणी.” पोरंही शाकाहारी असतील तर चिकनच्या जागी एक पनीर बर्गर दोघांत अर्धा-अर्धा आणि प्रत्येकी एक उकडलेल्या मक्याचा कप. तो आमच्या बोर्डवर १२० ला आहे, लोणी न घालता मागितला तर आणखी कमी.