एका ट्रान्स्क्रिप्टच्या तीन आवृत्त्या: साहेबांसाठी, टीमसाठी आणि दप्तरासाठी

प्रश्न: आमच्या तासाभराच्या मीटिंगचं ट्रान्स्क्रिप्ट वीसेक पानांचं होतं. त्यातून वरिष्ठांसाठी, टीमसाठी आणि रेकॉर्डसाठी अशा तीन आवृत्त्या काढायच्या आहेत. प्रत्येक किती मोठी ठेवावी आणि कशात द्यावी: वर्ड, पीडीएफ की ईमेल?

उत्तर: वरिष्ठांची आवृत्ती दीडशे-दोनशे शब्दांची आणि थेट ईमेलच्या मजकुरात. टीमची एक ते दोन पानं, सगळे एकाच जागी उघडतील अशा सामायिक फाइलमध्ये. दप्तरी प्रत पूर्ण लांबीची, सहज बदलता न येणाऱ्या पीडीएफमध्ये, आणि सोबत साधी टेक्स्ट फाइल.

हे आकडे मूळ ट्रान्स्क्रिप्टच्या टक्केवारीतून काढू नका. वाचणाऱ्याला वाचून झाल्यावर काय करायचं आहे, त्यावर लांबी ठरते. दोन तास चर्चा होऊन वरून एकच मंजुरी हवी असेल, तर वरिष्ठांची प्रत चार ओळींतही संपते.

काम मात्र उलट क्रमाने करा, म्हणजे आधी दप्तरी प्रत. बाकीच्या दोन्ही तिच्यातूनच काढायच्या. टीमच्या सारांशावरून वरिष्ठांचा सारांश केला, की पहिल्यात गळलेली अट दुसऱ्यात शोधूनही सापडत नाही.

दप्तरी प्रतीत बोलणारा बदलला की नाव आणि वेळ टाका. ‘अं’, अर्धवट सोडलेली वाक्यं, तेच ते शब्द काढले तरी चालतात. पण ‘जर’, ‘बहुतेक’, ‘बघतो’ आणि नकार यांना हात लावू नका. ऐकू येत नसेल तिथे अंदाजाने शब्द भरण्याऐवजी [अस्पष्ट, ३७:२०] असं लिहा. मग रेकॉर्डिंग उघडून फक्त आकडे, तारखा आणि ‘नाही’ असलेल्या जागा पुन्हा ऐका. बोलताना फिफ्टीन-फिफ्टी आणि थर्टीन-थर्टी यांची गल्लत सर्रास होते, आणि वाचताना ती चूक चूक वाटतच नाही. सगळं पुन्हा ऐकण्यापेक्षा या जागा ऐकण्यात वेळ सार्थकी लागतो. शेवटी प्रत्येक निर्णयाला नि-१, नि-२ आणि प्रत्येक कामाला का-१, का-२ असे क्रमांक द्या. तिन्ही आवृत्त्यांत हेच क्रमांक राहतील.

आता एक तुकडा घेऊ. समजा सुट्या भागांचा कारखाना आहे आणि ग्राहकाला ब्रॅकेट १५ जूनऐवजी १ जूनला हवे आहेत. दप्तरी प्रतीत असं आहे:

> [४१:१०] उत्पादन: दुसरी पाळी लावली तर १ जून जमेल. पण मोल्डची दुरुस्ती ८ मेच्या आत झाली पाहिजे.
> [४१:५२] खरेदी: बोलणं झालंय, ८ पर्यंत देतील बहुतेक. लेखी अजून आलेलं नाही.
> [४२:०५] प्लांट हेड: ठीक, दुसरी पाळी धरून चला. खर्च ३ लाख ४० हजार येईल, शुक्रवारपर्यंत वरून मंजुरी घेऊ.

घाईत केलेला सारांश असा होतो: ‘दुसरी पाळी सुरू करून १ जूनला पुरवठा करण्याचं ठरलं.’ यात तीन गोष्टी गेल्या. मोल्डची अट गेली, पुरवठादाराचं लेखी उत्तर आलेलं नाही हे गेलं, आणि मंजुरी अजून मिळायची आहे हेही गेलं. ‘धरून चला’ म्हणजे निर्णय झाला असं नाही. मंजुरीच्या भरवशावर तयारी करा, एवढाच त्याचा अर्थ.

याच तुकड्याची वरिष्ठांची आवृत्ती:

> दुसऱ्या पाळीच्या ३ लाख ४० हजार खर्चाला शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी (नि-२). मिळाल्यास ब्रॅकेट १५ जूनऐवजी १ जूनला देता येतील. धोका: मोल्डची दुरुस्ती ८ मेपर्यंत व्हायला हवी, पुरवठादाराने ती तारीख अजून लेखी दिलेली नाही.

त्यांच्याकडून काय हवंय आणि कधीपर्यंत, हे पहिल्या वाक्यात. मग त्यातून काय मिळणार, मग कुठे अडू शकतं. कोण काय म्हणालं हे इथे लागत नाही. अटॅचमेंट नको, कारण हे बहुधा फोनवर, दोन बैठकांच्या मधे वाचलं जातं. तक्ताही नको, छोट्या स्क्रीनवर त्याचे रकाने मोडतात. खाली टीमच्या फाइलची लिंक दिली की पुरे.

टीमच्या प्रतीत चार रकान्यांचा तक्ता ठेवा: काम, कोणाकडे, कधीपर्यंत, कशावर अडलंय. इथे का-३ म्हणजे ‘मोल्ड पुरवठादाराकडून ८ मेची तारीख लेखी घेणं’. त्यापुढे खरेदीतल्या एकाच माणसाचं नाव हवं. ‘खरेदी आणि उत्पादन’ असं लिहिलं, तर दोघंही समोरचा करतोय असं धरून बसतात. तक्त्याखाली प्रत्येक निर्णयामागचं कारण आणि सोडून दिलेला पर्याय दोन-तीन वाक्यांत लिहा, उदाहरणार्थ अर्धा माल बाहेरून करून घेण्याचा विचार का सोडला. सारांशात हाच भाग सगळ्यात आधी कापला जातो, आणि पुढच्या मीटिंगमध्ये तीच चर्चा पुन्हा उकरली जाते. म्हणून टीमची प्रत अर्ध्या पानात बसवायचा अट्टहास नको. दोन पानांच्या वर जात असेल तर अक्षर बारीक करू नका. विषय दोन असतील तर फाइलीही दोन करा.

दप्तरी प्रतीच्या स्वरूपाबद्दल जरा सविस्तर, कारण मराठीत इथे हमखास अडतं. पीडीएफ/ए हा दीर्घकाळ जपण्यासाठीचा प्रकार आहे. त्यात फॉन्ट फाइलमध्येच असतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या मशीनवरही पान तसंच दिसतं. पण दिसणं वेगळं आणि शोधता येणं वेगळं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, प्रत्यक्षात आत रोमन अक्षरं असतात, आणि शोधल्यावर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये लिहिलं तरी काही पीडीएफमधून जोडाक्षरं कॉपी करताना फुटतात. पीडीएफ बनवल्यावर ‘दुरुस्ती’ हा शब्द त्यात शोधून पाहा. सापडला नाही तर पीडीएफ वेगळ्या पद्धतीने बनवा. सोबतची टेक्स्ट फाइल यासाठीच ठेवायची, UTF-8 मध्ये. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते:

```
2025-04-21_bracket-purvatha_daptari_v1.pdf
2025-04-21_bracket-purvatha_daptari_v1.txt
```

पहिल्या पानावर हजर-गैरहजर आणि नि-क्रमांकांची वेळेसकट यादी द्या. वीस पानं कोणी सलग वाचत नाही, लोक नि-२ शोधत येतात. ही प्रत सगळ्यांना खुली ठेवू नका. त्यात पुरवठादारांचे दर आणि सहकाऱ्यांबद्दलची बोलणी जशीच्या तशी असतात.

संचालक मंडळाच्या सभेचं मात्र वेगळं आहे. तिचं कार्यवृत्त कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे ठेवावं लागतं; ट्रान्स्क्रिप्टची दप्तरी प्रत त्याची जागा घेत नाही. ते काम कंपनी सेक्रेटरीकडे सोपवा.

पाठवण्याआधी वरिष्ठांच्या प्रतीतला प्रत्येक आकडा, तारीख आणि ‘ठरलं’ हा शब्द दप्तरी प्रतीतल्या वेळेशी लावून पाहा. वेळ सापडत नसेल तर ते वाक्य तुमचं आहे, मीटिंगचं नाही; ते काढा. मग टीमची प्रत मीटिंगला नसलेल्या एखाद्याला द्या आणि उद्या सकाळी त्याच्याकडे काय काम आहे ते विचारा. त्याला तुम्हाला उलट विचारावं लागलं, तर तक्त्यात नाव किंवा तारीख राहिली आहे.

नंतर कोणी ‘मी ८ नाही, १८ म्हणालो होतो’ असं कळवलं, तर रेकॉर्डिंग ऐका आणि ट्रान्स्क्रिप्ट चुकलं असेल तर आधी दप्तरी प्रत दुरुस्त करून v2 करा. v1 पुसू नका. मग टीमची फाइल बदला. वरिष्ठांना सगळी ईमेल पुन्हा पाठवण्याऐवजी त्याच ईमेलला उत्तर म्हणून फक्त बदललेली ओळ पाठवा, आधी काय होतं आणि आता काय आहे ते दोन्ही लिहून.